टॅक्सी नंबर दोन: पेट्रोल की इलेक्ट्रिक, चार महिन्यांच्या नोंदी

१८ ऑगस्ट २०२५, पेडणे

आजपासून लिहून ठेवतोय, नाहीतर हे डोक्यातच फिरत राहणार. घरात दोन टॅक्सी आहेत, एक मी चालवतो आणि एक धाकटा भाऊ. माझी गाडी २ लाख ९० हजार किलोमीटर पळालीय, क्लच दोनदा बदलून झाला, आता सीझन सुरू व्हायच्या आत ती काढायचीच आहे. प्रश्न एवढाच की तिच्या जागी परत पेट्रोल घ्यायची की बॅटरीवाली.

स्टँडवर विचारलं तर दहा जणांची दहा मतं. एक म्हणतो पेट्रोलचे पैसे वाचतात डोळे मिटून घे, दुसरा म्हणतो बॅटरी गेली की पाच लाख गेले, घर विकशील. दोघांनाही विचारलं की बाबा किलोमीटरला किती पडतं, तर दोघांकडेही आकडा नाही. म्हणून आधी आपला स्वतःचा आकडा काढायचा ठरवलं.

आज दोन कोटेशन आणली. पेट्रोलवाली चार मीटरच्या आतली सेडान, सगळं धरून रस्त्यावर ८ लाख ४० हजार. बॅटरीवाली तशीच सेडान, २६ युनिटची बॅटरी, १३ लाख २० हजार. फरक ४ लाख ८० हजार. शोरूमच्या पोराने लगेच कॅल्क्युलेटर काढून दोन वर्षांत फरक भरून निघतो असं दाखवलं, त्याने दिवसाला २५० किलोमीटर धरले होते आणि महिन्याचे तीसही दिवस. मी म्हटलं अरे आमच्याकडे पावसाळा असतो रे.

२४ ऑगस्ट

डायऱ्या काढून बसलो. मी भाड्याची वही ठेवतो पण किलोमीटर नेहमी लिहीत नाही, मग सर्व्हिसच्या बिलांवरचे आकडे जुळवले. माझ्या गाडीचं वर्ष असं निघतं: ऑक्टोबर ते मे हे आठ महिने, महिन्याला साधारण २४ दिवस, दिवसाला १६५ किलोमीटर. जून ते सप्टेंबर मात्र महिन्यात २० दिवस आणि ७५ किलोमीटर, ते पण मिळाले तर. बेरीज ३८ हजारच्या आसपास. मला स्वतःला ५० हजार वाटत होते! सीझनमधला धावपळीचा दिवस लक्षात राहतो, जुलैत दुपारभर स्टँडवर बसून वडापाव खाल्लेला दिवस लक्षात राहत नाही.

भावाची गाडीही तेवढीच पळते, दोन्ही मिळून ७६ हजार. हा आकडा इथे लिहून ठेवतो, आत्ता काही कामाचा वाटत नाही.

पेट्रोल: टाकी फुल्ल करून चार वेळा मोजलं. एसी कायम चालू, मोपा विमानतळाच्या रांगेत उभं राहणं, कळंगुटच्या ट्रॅफिकमध्ये रखडणं, आणि परत येताना बहुतेक वेळा रिकामी. सरासरी लिटरला १५. पेट्रोल ९६ धरलं तर किलोमीटरला ६ रुपये ४० पैसे. कंपनीच्या कागदावर २२ लिहिलंय, ते त्यांच्या रस्त्यावर.

३१ ऑगस्ट

चवथीत घर भरलेलं, हिशोब बाजूला. म्हापशाचा मेव्हणा गणपतीला आला तो त्याच्या बॅटरीवाल्या गाडीने, तीच २६ युनिटची. घरची गाडी आहे, टॅक्सी नाही. त्याला म्हटलं दोन दिवस दे, तो म्हणाला घ्या भावोजी, पण घासली तर रंग तुमचा.

५ सप्टेंबर

आज खरी परीक्षा घेतली. आमच्या धंद्यात सगळ्यात लांबचं रोजचं भाडं म्हणजे मोपा ते पाळोळे. तेच केलं. सकाळी १०० टक्के चार्ज, चौघे बसलो, डिकीत बॅगा म्हणून तांदळाच्या दोन गोणी टाकल्या, एसी २४ वर, वर पाऊस. ९८ किलोमीटरवर पाळोळ्याला पोचलो तेव्हा स्क्रीनवर ४८ टक्के. करमल घाट चढताना टक्के डोळ्यांसमोर पडत होते, उतारावर थोडे परत आले पण चढावर गेले तेवढे येत नाहीत.

मग हिशोब केला, ५२ टक्क्यांत ९८ किलोमीटर, म्हणजे उरलेल्या ४८ मध्ये घरापर्यंत पोचत नाही, आणि पोचली असती तरी कोण तेवढी छाती करणार. परतीला मडगावला फास्ट चार्जरवर थांबलो. २५ मिनिटं, ९ युनिट, युनिटला २० रुपये. घरी आलो तेव्हा २७ टक्के.

आता महत्त्वाचं. घरच्या सॉकेटच्या आधी मी एक साधं वीज मोजायचं मीटर लावून घेतलं होतं, इलेक्ट्रिकलच्या दुकानात मिळतं. परत १०० टक्के होईपर्यंत भिंतीतून २१.४ युनिट गेले. मडगावचे ९ धरून ३०.४ युनिट, प्रवास १९६ किलोमीटर. म्हणजे किलोमीटरला ०.१५५ युनिट. गाडीचा स्क्रीन मात्र ०.१३६ दाखवत होता. गाडी खोटं बोलत नाही, ती बॅटरीतून बाहेर गेलेली वीज मोजते, पण भिंतीतून बॅटरीत भरताना चार्जर तापतो, बॅटरी थंड ठेवायला पंखा-पंप चालतात, त्यात दहा-बारा टक्के जातात आणि बिल त्याचंही येतं. स्टँडवर जे "किलोमीटरला ऐंशी पैसे" सांगतात ते स्क्रीनवरचं वाचून सांगतात.

घरची वीज मी सगळं धरून ६ रुपये युनिट धरतोय, म्हणजे किलोमीटरला ९३ पैसे. बाहेर चार्ज केलं तर ३ रुपये १० पैसे. तिप्पटहून जास्त! गाडी तीच, फक्त कुठे भरलं त्यावर. ७० टक्के घरी आणि ३० टक्के बाहेर धरलं तर सरासरी १ रुपया ५८ पैसे.

१४ सप्टेंबर

बॅटरीचा दिवस. सर्व्हिस सेंटरला जाऊन सरळ विचारलं, वॉरंटी संपल्यावर पूर्ण पॅक बदलायचा झाला तर किती. आधी टाळाटाळ, "तशी वेळच येत नाही सर". मग एका ओळखीच्या माणसाने आकडा काढून दिला, ४ लाख ६० हजार अधिक टॅक्स. आणि टॅक्स कुठला, तर १८ टक्के! गाडीत बसून आलेली बॅटरी गाडीबरोबर ५ टक्के जीएसटीत येते, पण तीच बॅटरी सुटी घेतली की १८. एकूण ५ लाख ४३ हजार.

वॉरंटी: "८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, जे आधी होईल ते." शोरूममध्ये आठ वर्षं मोठ्या अक्षरात. घरच्या गाडीला आठ वर्षं खरी आहेत, टॅक्सीला नाहीत. माझ्या ३८ हजारांनी ती सव्वाचार वर्षांत संपते, वर्षाला ६० हजार पळवणाऱ्याची तीन वर्षंही टिकत नाही. आणि वॉरंटीतसुद्धा बॅटरी थोडी उतरली म्हणून नवी देत नाहीत, क्षमता ठरलेल्या टक्क्यांच्या खाली गेली तरच. घेताना पुस्तकातला टॅक्सी नोंदणीचा परिच्छेद वेगळा वाचायचा, खाजगी गाडीची अट टॅक्सीला लागू असेलच असं धरून चालायचं नाही.

पण स्टँडवर बोलतात तसं एक दिवस सकाळी बॅटरी "मरते" असंही नाही. ह्या गाडीत एलएफपी बॅटरी आहे, लोह-फॉस्फेटवाली, ती बरेच चार्ज सोसते, हळूहळू उतरते. आज १९० किलोमीटर जाते ती उद्या १५० जाईल. १५० ला ती खराब झाली का? पाळोळ्यासाठी झाली, मोपा ते हरमल-मोरजी करायला अजून दोन-तीन वर्षं चालेल. म्हणजे बॅटरी कधी बदलायची हे बॅटरीपेक्षा तुमची भाडी कुठली आहेत त्यावर ठरतं.

तरी पैसे बाजूला काढायला काहीतरी धरावंच लागणार. मी अडीच लाख किलोमीटर धरले. ५ लाख ४३ हजार भागिले अडीच लाख, किलोमीटरला २ रुपये १७ पैसे. टायर झिजतो तशी बॅटरी झिजते, प्रत्येक भाड्यात तिचे सव्वादोन रुपये आहेत, ते आपले नाहीत. हे पैसे खिशात धरले तर इलेक्ट्रिक गाडी जेवढी स्वस्त वाटते तेवढी ती नाही.

२५ सप्टेंबर

परवा २२ तारखेपासून जीएसटी बदलला. छोट्या पेट्रोल गाडीवर २८ टक्के आणि वर १ टक्का सेस होता, तो सरळ १८ झाला. बॅटरीवाल्या गाडीवर आधीच ५, ते तसंच. नवीन कोटेशन मागवलं, पेट्रोलवाली ७ लाख ७० हजार. म्हणजे फरक ४ लाख ८० हजारांचा साडेपाच लाख झाला. सगळा कागद परत लिहायचा. बायको म्हणते दसऱ्याला बुक करा नाहीतर हे वर्षभर चालेल.

३ ऑक्टोबर

काल दसरा झाला, बुक केली नाही. तोंड फुगलंय. पण काल रात्री बसून मात्र हिशोब संपवला.

पेट्रोल ६.४०, वीज १.५८, वाचतात ४.८२. इंजिन ऑइल, फिल्टर, क्लच हे नाही म्हणून थोडं आणखी वाचतं, पण विमा महाग आणि गाडी जड म्हणून टायर लवकर जातात, माझ्या अंदाजाने ते एकमेकांत जिरतं. ४ रुपये ८० पैसे धरू.

किमतीतला फरक साडेपाच लाख, तो कर्जातूनच येणार. साडेदहा टक्के व्याज, पाच वर्षं, तर नुसत्या फरकाचाच हप्ता ११,८२२ रुपये. वर्षाचे १ लाख ४२ हजार.

३८ हजार किलोमीटरवर वर्षाला वाचतात १ लाख ८२ हजार. हप्ता जाऊन ४० हजार उरतात. वा! पण बॅटरीचे वर्षाला ८२ हजार बाजूला पडायला हवेत. म्हणजे पाच वर्षं मी दरवर्षी ४२ हजार खड्ड्यात, आणि मला ते कळणारही नाही, कारण बॅटरीचं बिल कोणी महिन्याला पाठवत नाही. दरमहा हातात तीन-साडेतीन हजार जास्त दिसतील, मी खूश, आणि सहाव्या-सातव्या वर्षी साडेपाच लाखांचं कोटेशन हातात. स्टँडवरचे दोघेही बरोबर होते म्हणायचे, एक पहिल्या पाच वर्षांबद्दल बोलत होता, दुसरा त्याच्या नंतरच्या.

मग उलटं काढलं. फक्त हप्ता भागायला वर्षाला ३० हजार किलोमीटर पुरतात. हप्ता आणि बॅटरी दोन्ही भागायला ५४ हजार लागतात. मी बरोबर मध्ये लटकलोय.

हप्ते संपल्यावर चित्र सुधारतं हेही खरं, आठ वर्षं गाडी ठेवली आणि एकदा बॅटरी बदलली तरी पेट्रोलपेक्षा दोन लाख पुढे येतो. पण आठ वर्षांत दोन लाख म्हणजे महिन्याला दोन हजार, आणि जुनी इलेक्ट्रिक टॅक्सी विकताना समोरचा पहिला प्रश्न बॅटरीचाच विचारणार. एवढ्यासाठी एवढा जीव टांगणीला लावायचा का, झोप आली नाही.

५ ऑक्टोबर

भावाशी बोललो. तो जेवता जेवता म्हणाला, "दादा, तू किलोमीटर वाढवायला कशाला बघतोस? आपल्याकडे आहेत ना, माझ्या गाडीवर."

२४ ऑगस्टची नोंद उघडली. दोन्ही मिळून ७६ हजार. ते अर्धे-अर्धेच असले पाहिजेत असं कुठे आहे. बॅटरीवाली गाडी दिवसा मी चालवायची, रात्रीच्या विमानांना मोपावर भावाने न्यायची, जवळची सगळी भाडी तिच्यावर, मोपा, म्हापसा, कळंगुट, पणजी. पेट्रोल गाडी अंगणात उभी, पाळोळे, वास्को, दूधसागरवाले किंवा गोव्याबाहेरची भाडी आली की ती बाहेर काढायची. अशाने बॅटरीवर ५५ हजार आणि पेट्रोलवर २१. धंदा तेवढाच, फक्त किलोमीटर ज्या गाडीला स्वस्त पडतात तिच्याकडे सरकवले.

शिवाय जवळची भाडी म्हणजे गाडी सारखी घराकडे फिरकते, त्यामुळे घरचं चार्जिंग ८५ टक्क्यांपर्यंत जाईल, सरासरी १ रुपया २६ पैसे. ५५ हजारांवर वाचतात २ लाख ८३ हजार, हप्त्याचे १ लाख ४२ आणि बॅटरीचे १ लाख १९ काढून २२ हजार शिल्लक. श्रीमंत होत नाही, पण खड्डाही नाही.

एकच गाडी असलेल्याला ही सोय नाही, आणि पाळोळे-काणकोणचीच भाडी जास्त असतील तर मी आजही पेट्रोल म्हणेन.

११ ऑक्टोबर

दोन पाळ्यांमध्ये गाडी चालवायची तर साध्या १६ अँपिअरच्या सॉकेटवर भागत नाही. तो तासाला जेमतेम ३ युनिट भरतो, रिकामी गाडी भरायला नऊ तास. आमच्याकडे मी संध्याकाळी ५ ला घरी आणि भाऊ रात्री ९ ला बाहेर, मध्ये चार तास. म्हणून ७ किलोवॅटचा भिंतीवरचा चार्जर, ३२ अँपिअरची वेगळी लाइन, आणि वीज खात्याकडून वाढीव लोड व वेगळं मीटर. सगळं मिळून ४० हजारांच्या आसपास, हे माझ्या हिशोबात धरलंच नव्हतं. लिहून ठेवतो, पहिल्या वर्षाची शिल्लक इथेच गेली, वर दुसऱ्या वर्षाचेही १८ हजार.

आणि अर्थिंग! वायरमनने मल्टिमीटर लावून न्यूट्रल आणि अर्थमध्ये बघितलं तर १४ व्होल्ट. मेव्हण्याचा हातातला चार्जर जोडला तर लाल दिवा, चार्जच घेईना. गेल्या महिन्यात चाललं होतं ते मागच्या पडवीतल्या सॉकेटवर, तिकडचं अर्थिंग वेगळं. आमची जमीन चिऱ्याची, ओल धरत नाही. वायरमन म्हणाला आता पावसानंतर ही गत तर एप्रिलमध्ये काय होईल. मोरीचं पाणी जातं त्या बाजूला नवा खड्डा मारला, आठ फुटी पाइप, मीठ-कोळसा, वर चेंबर. संध्याकाळी परत बघितलं, २ व्होल्ट. हिरवा दिवा लागला तेव्हा आईने उगाचच हात जोडले.

२२ ऑक्टोबर

पाडव्याला गाडी आणली. हिरवी पाटी, पिवळी अक्षरं. बायको हसली एकदाची. बॅटरीचे पैसे बाजूला टाकायला पोस्टात आरडी उघडायला गेलो, पण तिथे दरमहा ठरलेलीच रक्कम चालते, मला तर जितके किलोमीटर तितके पैसे टाकायचेत, मग बँकेत वेगळं बचत खातं काढलं आणि त्याचं एटीएम कार्ड घेतलंच नाही.

३० नोव्हेंबर

पहिला पूर्ण महिना. ५,१४० किलोमीटर. घरचं मीटर ७०२ युनिट, बाहेर १३१, एकूण ८३३. म्हणजे किलोमीटरला ०.१६२, माझ्या ०.१५५ पेक्षा जास्त. कारण शोधलं. मोपावर नंबर लागेपर्यंत भाऊ रात्री एसी लावून गाडीत पडतो, आणि उभ्या गाडीत एसी तासाला जवळपास १ युनिट खातो, म्हणजे सहा किलोमीटर न चालता गेले. पेट्रोल गाडीत इंजिनचा आवाज येतो म्हणून माणूस बंद तरी करतो, हिच्यात काही ऐकूच येत नाही. त्याला म्हटलं काच खाली कर, तो म्हणतो डास.

आणखी एक, महिनाभर आम्ही ८० टक्क्यांवर चार्ज काढत होतो, बॅटरीला बरं म्हणून. मग एके रात्री स्क्रीनवर १८ टक्के असताना एकदम ११ वर आली, भाऊ घाबरला. सर्व्हिसवाला म्हणाला एलएफपी बॅटरीचा व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळजवळ सारखाच राहतो, त्यामुळे गाडीचा अंदाज चुकत जातो, आठवड्यातून एकदा पूर्ण १०० करा म्हणजे तिची मोजणी जाग्यावर येते. आता दर सोमवारी १००.

पैसे: घरच्या विजेचे ४,२१२, बाहेरचे २,६२०, एकूण ६,८३२. एवढंच पेट्रोलवर पळालो असतो तर ३२,८९६. वाचले २६,०६४. त्यातून जास्तीचा हप्ता ११,८२२ आणि बॅटरी खात्यात ११,१५४ टाकले. उरले ३,०८८. हा सीझनचा महिना आहे, जूनची नोंद जूनमध्ये.

उद्या सकाळी पाळोळ्याचं भाडं आहे, पेट्रोल गाडीची टाकी आत्ताच भरून आणली.